व्हिजिटिंग कार्डावर फॉइल आणि स्पॉट युव्ही: लेअर वेगळे करून नक्की काय द्यायचं?

मृण्मयी
येवल्याच्या एका पैठणीच्या दुकानासाठी व्हिजिटिंग कार्ड करते आहे. माप नेहमीचंच, साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे साधारण ८९ बाय ५१ मिमी. पुढची बाजू पूर्ण गडद जांभळी, त्यावर मॅट लॅमिनेशन. मधोमध मोर आणि त्याच्याखाली दुकानाचं नाव, दोन्ही सोनेरी फॉइलमध्ये. उरलेल्या जांभळ्या भागावर पदरावर असते तशी वेलबुट्टी आहे. ती छापायची नाही, फक्त स्पॉट युव्हीने चमकवायची, म्हणजे कार्ड उजेडात तिरकं धरलं की दिसेल. मागची बाजू साधी छपाई आहे, तिचा प्रश्न नाही.

प्रेसमधून निरोप आला की "फॉइल आणि युव्हीचे लेअर वेगळे करून, नावं देऊन पाठवा." मी इलस्ट्रेटरमध्ये तीन लेअर केले आणि नावं दिली. मोराला सोनेरी ग्रेडियंट आहे, वेलबुट्टी पांढरी आहे आणि तिची ऑपॅसिटी २० टक्के ठेवली आहे. पीडीएफ पाठवली तर उत्तर आलं, "फॉइलची प्लेट दिसत नाही."

पीडीएफ उघडली की लेअर तर दिसतात. मग नाव दिलेला लेअर पुरत नाही का? आणि दुसरं, मोराखालचा जांभळा रंग कापून टाकायचा की तसाच राहू द्यायचा?

रानपाखरू
सोनेरीसाठी आम्ही C 20 M 35 Y 90 K 5 वापरतो. मॅटवर छान दिसतो. थोडा K वाढवला तर जुन्या सोन्यासारखा होतो.

मृण्मयी
रानपाखरू, हा छापील सोनेरी रंग झाला. मला खरं फॉइल लावायचं आहे, धातूसारखं चमकणारं.

प्लेटरूम
मृण्मयीताई, प्रेसचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमचेही लेअर खरोखर आहेत. घोळ असा आहे की लेअर माणसासाठी असतो आणि प्लेट रंगावरून निघते.

फाइल आमच्या मशीनवर आली की ती लेअरचं नाव विचारत नाही. प्रत्येक वस्तूचा रंग पाहते आणि त्याप्रमाणे वाटणी करते: निळसर, किरमिजी, पिवळा, काळा, आणि यापलीकडे नाव असलेले जितके स्पॉट रंग असतील तितक्या वेगळ्या प्लेटी. तुमचा सोनेरी ग्रेडियंट साध्या चार रंगांचा आहे, त्यामुळे तो त्या चार प्लेटींमध्ये विरघळला. लेअरचं नाव `FOIL` असो की काहीही, पाचवी प्लेट जन्मालाच आली नाही.

म्हणून आधी स्वॉच करा. `New Swatch` मध्ये `Color Type` या ठिकाणी `Spot Color` निवडा आणि नाव द्या `FOIL_GOLD`. स्क्रीनवर दिसण्यासाठी त्याला कुठलाही भडक रंग द्या. मी फॉइलला पिवळा आणि युव्हीला किरमिजी देतो. सोनेरी छटा मुद्दाम देत नाही, कारण मग तो कलाकृतीचा भाग वाटतो आणि कुणीतरी तो छापून टाकतं. युव्हीसाठी दुसरा स्पॉट स्वॉच, `SPOT_UV`.

लेअरला आणि स्वॉचला एकच नाव ठेवा. रचना अशी:

```
CUT
SPOT_UV
FOIL_GOLD
PRINT
```

`PRINT` मध्ये फक्त जांभळा आणि जे खरोखर शाईने छापायचं ते. कार्ड ८९ बाय ५१ असेल तर जांभळा चारी बाजूंनी ३ मिमी बाहेर न्या, म्हणजे ९५ बाय ५७.

ग्रेडियंट आणि ऑपॅसिटी दोन्ही काढा. फॉइलचा ब्लॉक कागदाला एकतर टेकतो किंवा टेकत नाही, मधलं काही नसतं. चमक आणि छटा फॉइल स्वतः आणतं. युव्हीचंही तसंच. २० टक्के ऑपॅसिटीची वेलबुट्टी जाळीवर ठिपक्याठिपक्यांची उतरते, तिथे सलग चमकदार थर येत नाही. दोन्ही १०० टक्के सपाट भरा.

कोरलवाला
काकांनी सविस्तर लिहिलं आहे, पण आमच्याकडे नगरला इतकं कुणी करत नाही. तीन पानं करतो. पहिल्यावर छपाई, दुसऱ्यावर फक्त फॉइल काळ्यात, तिसऱ्यावर फक्त युव्ही काळ्यात. स्पॉट-बिट काही नाही. ब्लॉकवाल्याला काळं-पांढरंच लागतं. फक्त फॉइलचं पान आरशासारखं उलटं करून द्यायला विसरू नका, कारण ब्लॉक उलटा असतो.

प्लेटरूम
कोरलवाला, तीन पानांची पद्धत चालते आणि बऱ्याच छोट्या प्रेसना तीच हवी असते. मी तिला नावं ठेवत नाही. पण उलटं करून देणं घातक आहे. ब्लॉक उलटा असतो हे खरं, पण तो उलटवणं ब्लॉकवाल्याचं काम आहे आणि तो ते करतोच. तुम्ही आधी उलटवलंत आणि त्यानेही उलटवलं, तर कार्डावर अक्षरं उलटी येतील. नेहमी वाचता येईल अशीच फाइल द्या.

कोरलवाला
आमचा ब्लॉकवाला स्वतःच उलटं मागतो. पंधरा वर्षं तेच चाललं आहे. पण दुसरीकडे देताना विचारून घ्यावं हे पटलं.

जाळीवाला
मी स्क्रीन प्रिंटिंग करतो, स्पॉट युव्हीचं काम जास्त. तीन पानांच्या पद्धतीत एक गोष्ट वारंवार बिघडते, ती सांगतो. कोरलमध्ये लोक फॉइलचा मोर निवडतात आणि `Selected only` ठेवून पीडीएफ करतात. मग पानाचं माप कार्डाएवढं न राहता मोराएवढं होतं. माझ्याकडे मोर येतो, पण तो कार्डावर डावीकडून किती मिलीमीटरवर आहे ते येतच नाही. मग मी छापील कार्ड समोर ठेवून अंदाजाने बसवतो.

तिन्ही पानांचं माप एकच हवं आणि तिन्हींवर कटमार्क त्याच जागी हवेत. काळा म्हणजे फक्त K 100. आरजीबीमधला काळा आणला की तो चारही प्लेटींवर पसरतो आणि युव्हीच्या पानावर मला राखाडी काठ दिसतात.

मृण्मयी
सगळ्यांचे आभार. प्लेटरूम काका, स्वॉच केले, आता फॉइलची प्लेट दिसते. पण `Separations Preview` मध्ये `FOIL_GOLD` बंद केलं की जांभळ्यात मोराच्या आकाराचं पांढरं भोक दिसतं. वेलबुट्टीचंही तसंच. हे बरोबर आहे का?

प्लेटरूम
हाच तुमचा दुसरा प्रश्न होता, आणि नेमकी योग्य ठिकाणी चाचणी केलीत.

वरची वस्तू खालच्या रंगाला कापते, ही मशीनची सवय आहे. तुमचा मोर जांभळ्यावर आहे, म्हणून त्याने जांभळा कापला. आता समजा फॉइल ठरल्या जागेपासून ०.३ मिमी सरकलं. हाताने कार्ड लावायच्या फॉइल मशीनवर इतकं सरकणं अगदी रोजचं आहे. मोराच्या एका बाजूला पांढरी कड दिसेल आणि गडद जांभळ्यावर ती लगेच डोळ्यात भरेल.

वेलबुट्टीचं तर याहून वाईट. युव्ही पारदर्शक असतो. खालचा जांभळा कापला गेला तर पांढऱ्या कागदावर पांढरी चमकदार वेल दिसेल, म्हणजे तुम्हाला हवं त्याच्या बरोबर उलट.

उपाय एकच आहे. दोन्ही लेअरमधल्या वस्तू निवडा, `Window > Attributes` उघडा आणि `Overprint Fill` वर खूण करा. कुठे स्ट्रोक उरला असेल तर `Overprint Stroke` वरही. मग पुन्हा तीच चाचणी. `FOIL_GOLD` आणि `SPOT_UV` दोन्ही बंद केले की जांभळा अखंड दिसला पाहिजे, कुठेही भोक नाही. नंतर उलट करा. चारही छपाईचे रंग बंद आणि फक्त फॉइल चालू. मोर आणि नाव सलग भरलेलं दिसलं पाहिजे. ॲक्रोबॅटमध्ये `Output Preview` उघडून मोरावर कर्सर नेलात तर `FOIL_GOLD` समोर १०० टक्के आणि जांभळ्याचे आकडेही सोबत दिसायला हवेत. जांभळ्याचे आकडे शून्य झाले तर ओव्हरप्रिंट लागलेलं नाही.

जाळीवाला
काका, युव्हीबद्दल शंभर टक्के सहमत. फॉइलबद्दल मात्र थोडा मतभेद. शाईवर फॉइल नीट धरत नाही, विशेषतः जाड थर असेल तर. गडद जांभळा म्हणजे निळसर आणि किरमिजी दोन्ही भरपूर. तिथे खालचा रंग कापलेलाच बरा.

प्लेटरूम
लॅमिनेशन नसेल तर तुमचं बरोबर आहे. उघड्या शाईवर, त्यातही ती पुरती सुकलेली नसेल तर, फॉइल ठिकठिकाणी सुटतं. तिथे मी खालचा रंग कापतो, पण मोरापेक्षा भोक सगळीकडून ०.२ मिमी लहान ठेवतो. म्हणजे फॉइलची कड शाईवर चढते आणि पांढरं दिसत नाही.

पण इथे मॅट लॅमिनेशन आधी होणार आहे. फॉइल शाईला चिकटतच नाही, ते फिल्मला चिकटतं. खाली जांभळा असो की कोरा कागद, त्याला फरक पडत नाही. फरक पडतो तो फॉइल लॅमिनेशनवर चालणारं आहे की नाही याने. ते प्रेसला विचारायचं, फाइलमध्ये त्याचं उत्तर नाही.

जाळीवाला
लॅमिनेशन असलं तरी खाली गडद रंग असेल तर पकड कमी वाटते, असा माझा अनुभव आहे. कारण मला सांगता येणार नाही. दोन नमुने काढून नखाने खरवडून बघावं असं मी म्हणेन.

मुक्ताई
माझी अडचण थोडी वेगळी आहे, पण युव्हीचीच. बहिणीच्या दवाखान्याचं कार्ड होतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या बारीक अक्षरात नाव, फोन, पत्ता. डिझायनरने सगळ्या मजकुरावर नेमका तसाच युव्ही दिला. कार्ड हातात आलं तर अक्षरं दुहेरी झाल्यासारखी, नंबर वाचताना डोळे बारीक करावे लागतात. प्रेसवाले म्हणाले एवढं चालतं. खरंच चालतं का? आणि यात फाइलची चूक होती की छपाईची?

जाळीवाला
मुक्ताई, फाइल तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेलही, पण निवड चुकली. अर्धा मिलीमीटर इकडेतिकडे होणं या कामात गृहीत धरावं लागतं. जाळी ताणलेली असते, कागद कापलेला असतो, लॅमिनेशनच्या उष्णतेने तो किंचित हललेला असतो. सहा पॉइंटच्या अक्षराची रेघच एक-दोन दशांश मिलीमीटरची. ती अर्धा मिलीमीटर सरकली तर युव्ही अक्षराच्या शेजारी जाऊन बसतो.

युव्ही ठळक लोगोवर द्यावा, किंवा मृण्मयी करते आहे तसं, जिथे खाली जुळवायला काहीच छापलेलं नाही तिथे. तिची वेलबुट्टी अर्धा मिलीमीटर सरकली तरी कुणाच्या बापाला कळणार नाही. स्पॉट युव्हीसाठी मला ही सगळ्यात सुरक्षित रचना वाटते.

मुक्ताई
आता समजलं. पुढच्या वेळी फक्त लोगोवर सांगते.

दर्यावर्दी
म्हापशाहून. मी इलस्ट्रेटर वापरत नाही, सगळं इंकस्केपमध्ये करतो. इथे लिहिलेलं वाचून लेअर केले, नावं दिली, पण स्पॉट स्वॉच कुठेच सापडत नाही. इंकस्केपमध्ये काय करायचं?

टिंबटिंब
इंकस्केपची पीडीएफ आरजीबीमध्ये निघते, तिथे स्पॉट प्लेट मिळणार नाही. आकार इंकस्केपमध्ये काढा, एसव्हीजी स्क्रायबसमध्ये आणा. स्क्रायबसमध्ये रंग तयार करताना तो स्पॉट रंग आहे असं ठरवता येतं. मग मोराला तो रंग द्या आणि त्या वस्तूच्या रंगाच्या गुणधर्मांत `Knockout` ऐवजी `Overprint` निवडा. पीडीएफ काढताना `Convert Spot Colors to Process Colors` ही खूण काढायला विसरू नका, नाहीतर सगळी मेहनत पुन्हा चार रंगांत जाते.

आणि हे नको असेल तर कोरलवाल्यांची तीन पानं आहेतच.

दर्यावर्दी
देव बरें करूं. स्क्रायबसने जमलं.

मृण्मयी
ओव्हरप्रिंट लावलं. जांभळा आता अखंड दिसतो. पण प्लेटींच्या यादीत सहा ऐवजी सात नावं आहेत: चार रंग, `FOIL_GOLD`, `SPOT_UV`, आणि `Gold` नावाचं एक. मी असा रंग केलेलाच नाही.

प्लेटरूम
मोर दुकानाच्या जुन्या लोगोच्या फाइलमधून कॉपी केला असेल. त्या फाइलमधला स्पॉट रंग मोराबरोबर चालत आला. कुठेतरी एखादं पीस किंवा डोळ्याचा ठिपका अजून `Gold` मध्ये आहे. मशीनच्या दृष्टीने `Gold` आणि `FOIL_GOLD` हे दोन वेगळे रंग, म्हणजे दोन वेगळे ब्लॉक. एका स्पेसचा किंवा लहान-मोठ्या अक्षराचा फरक असला तरी हेच होतं.

स्वॉच पॅनेलमध्ये आधी `FOIL_GOLD` निवडा, मग कंट्रोल दाबून `Gold` निवडा आणि `Merge Swatches`. आधी निवडलेला टिकतो. त्यानंतर ओव्हरप्रिंट पुन्हा तपासा, कारण तो तुकडा आधी सुटला असणार.

मृण्मयी
मोराचा डोळाच होता. मिळाला.

आता मोराबद्दलच विचारते. मूळ चित्र दुकानाच्या पाटीसाठी काढलेलं आहे. कार्डावर मोर १८ मिमी उंच आहे आणि पिसाऱ्याच्या रेघा मोजल्या तर ०.१२ मिमी भरतात. फॉइलला इतकी बारीक रेघ चालेल का?

प्लेटरूम
नाही चालणार. ब्लॉक धातूचा असतो, आम्ल देऊन कोरलेला. इतकी बारीक रेघ त्यावर टिकलीच तरी मॅट लॅमिनेशनवर फॉइल तुटक बसेल. ०.२५ च्या खाली मी काम घेत नाही, ०.३ असेल तर निवांत झोपतो.

पण इथे एक सापळा आहे. सगळ्या रेघा ०.३ केल्या तर त्यांच्यामधल्या फटी आपोआप अरुंद होतात. दाब आणि उष्णतेने फॉइल कडेला किंचित पसरतं आणि फटी भरून निघतात. मग पिसारा न दिसता सोनेरी गोळा दिसतो. रेघेइतकीच फटीचीही काळजी घ्यायची. फट मी ०.४ च्या खाली जाऊ देत नाही.

म्हणून रेघा जाड करू नका, आधी कमी करा. पिसाऱ्यात समजा तीस रेघा असतील, तर त्यातल्या अर्ध्या काढा, उरलेल्या ०.३ करा आणि सारख्या अंतराने लावा. मग `Object > Path > Outline Stroke` आणि `Pathfinder` मधलं `Unite`. लहान मोर वेगळा काढावा लागतो, मोठा आकसून चालत नाही.

रानपाखरू
हे वाचून आमच्या गणपती मंडळाच्या पावतीपुस्तकाचा लोगो आठवला. त्यात मूषकाच्या मिशा होत्या. फॉइलमध्ये मूषकाला चक्क दाढी आली.

टिंबटिंब
रानपाखरू 😄 निदान वर्गणी तरी भरघोस आली असेल.

कोरलवाला
मिशीवरून देवनागरीचा विषय निघाला पाहिजे. मृण्मयीताई, नावात जोडाक्षरं कोणती आहेत? 'स्त्र', 'क्ष', 'श्री', 'द्ध' असं काही असेल तर आत्ताच बघा.

मृण्मयी
'वस्त्रालय' आहे. म्हणजे 'स्त्र' आहेच.

कोरलवाला
मग दोन गोष्टी. पहिली, 'स्त्र' मध्ये बारीक जागा खूप असतात. लहान आकारात त्या फॉइलने बुजतात. जाडसर फॉण्ट निवडलात तर आणखी बुजतात. साधा, मोकळा, एकसारख्या जाडीचा फॉण्ट घ्या. कॅलिग्राफीचे जाड-बारीक होणारे फॉण्ट पाटीवर देखणे दिसतात, फॉइलमध्ये त्यांची बारीक टोकं गळून पडतात.

दुसरी माझी रोजची लढाई. देवनागरीत एका अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षराच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते. कानाही तसाच. स्क्रीनवर ते एकसंध दिसतं. पण कोरलमध्ये कर्व्ह करून `Combine` केलं की जिथे दोन आकार एकमेकांवर चढतात तिथे बारीकशी पांढरी चीर पडते. शाईच्या छपाईत ती कधी दिसते, कधी नाही. ब्लॉकमध्ये मात्र ती कोरली जाते आणि शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते. `Combine` नाही, `Weld` करायचं. वेल्ड झाल्यावर वायरफ्रेममध्ये बघा. शिरोरेषेच्या आत आडव्या-उभ्या रेघा दिसल्या नाहीत म्हणजे ती खरोखर एक झाली.

प्लेटरूम
हे कोरलवाल्यांनी फार नेमकं सांगितलं. इलस्ट्रेटरमध्ये त्याच कामाला `Create Outlines` करून मग `Unite`. `Ctrl+Y` ने बाह्यरेषा बघायची. या धाग्यातलं हे उत्तर देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाने जपून ठेवावं.

जाळीवाला
मृण्मयी, तुमच्या वेली मोरापर्यंत जातात का? फॉइलवर युव्ही चढू देऊ नका. आमच्याकडे आधी छपाई, मग लॅमिनेशन, मग फॉइल, मग युव्ही आणि शेवटी कटिंग. युव्ही शेवटचा असल्याने त्याचा थोडासा थर फॉइलवर आला की त्या जागी सोनं मंद दिसतं, आणि काही वेळा युव्हीच तिथून सुटतो. मोर आणि नावाभोवती १ मिमी मोकळं सोडा.

मृण्मयी
जात होत्या. मोर आणि नावाची प्रत केली, `Offset Path` ने १ मिमी वाढवली आणि तो आकार वेलींमधून वजा केला. आता मोराभोवती एक मोकळी मॅट कड आली आहे. खरं तर आधीपेक्षा मोर जास्त उठून दिसतो.

पण वेली कार्डाच्या कडेपर्यंत जातात. त्या जांभळ्यासारख्याच ३ मिमी बाहेर नेल्या आहेत. बरोबर?

जाळीवाला
मी नाही नेत. कटिंगच्या पात्याखाली युव्हीचा वाळलेला थर आला की कडेला टवके उडतात. विशेषतः थर जाड असेल तर. कडेपासून २ मिमी आत थांबवा.

प्लेटरूम
वेल अचानक २ मिमी आधी थांबली तर ते डिझाइन अपुरं दिसतं. पातळ युव्ही असेल आणि पातं धारदार असेल तर कडेपर्यंत नेलेलं चालतं. मी अशी कार्डं दिलेली आहेत.

जाळीवाला
काका, तुमचं पातं धारदार आहे, पण ती कार्डं कापणारा दुसराच असतो. सगळीकडे तुमच्यासारखं पातं नसतं.

टिंबटिंब
मधला मार्ग: वेलीच्या फांद्या कडेपाशी नैसर्गिकपणे संपतील अशा काढायच्या. म्हणजे तोडल्यासारखं दिसणार नाही आणि पात्याखालीही काही येणार नाही. पैठणीच्या काठावरची वेल तशीही काठातच वळते.

मृण्मयी
हे आवडलं, वेल वळवून बघते. तोवर प्रेसलाही विचारलं. त्यांचं म्हणणं, आतच ठेवा.

पीडीएफ कुठल्या प्रकारची काढू? त्यांनी `PDF/X-1a` मागितली आहे, पण त्यात लेअर दिसत नाहीत असं वाटतं.

प्लेटरूम
बरोबर वाटतं. एक्स-वन-ए हा जुना प्रकार आहे, त्यात लेअर टिकत नाहीत. पण स्पॉट रंग टिकतात आणि ओव्हरप्रिंटही. म्हणजे प्लेटी निघतील. म्हणूनच मी पहिल्या उत्तरात प्लेट रंगावरून निघते असं म्हणालो.

त्यांना लेअरही डोळ्यांनी बघायचे असतील तर `PDF/X-4` द्या, किंवा `Compatibility` मध्ये `Acrobat 6` किंवा पुढचं निवडा, आणि दोन्हींत `Create Acrobat Layers from Top-Level Layers` वर खूण करा. ही खूण फक्त सगळ्यात वरच्या पातळीचे लेअर घेते, म्हणून `FOIL_GOLD` दुसऱ्या कुठल्या लेअरच्या पोटात ठेवू नका. पाठवताना दोन्ही पाठवल्यात तरी हरकत नाही, फक्त कुठली छापायची ते फाइलच्या नावातच लिहा.

कोरलवाला
आणि ब्लॉकवाल्यासाठी माझं काळं पान वेगळं काढाच. तो पीडीएफ उघडून प्लेटी बघत बसत नाही. मास्टर फाइलची प्रत घेऊन तिच्यात बाकी लेअर बंद करून `FOIL_GOLD` ला K 100 करून निर्यात करायची, पानाचं माप तेच ठेवून. मास्टर मात्र तशीच न हलवता जपा.

मुक्ताई
ब्लॉक कशाचा सांगायचा? बहिणीचं कार्ड पुन्हा करायचं आहे, या वेळी लोगो फॉइलमध्ये घेऊ म्हणते.

कोरलवाला
काही शे कार्डं असतील तर मॅग्नेशियम किंवा जस्ताचा पुरतो. दर महिन्याला तेच कार्ड काढायचं असेल, किंवा लोगो फार नाजूक असेल, तर पितळेचा. महाग आहे पण धार टिकते. ब्लॉक तुमच्या पैशाचा आहे, काम झालं की मागून घ्या. पत्ता बदलला तरी लोगोचा ब्लॉक तोच चालतो, म्हणून लोगोत पत्ता मिसळू नका.

मृण्मयी
फाइल गेली. प्रेसमधून फोन आला, प्लेटी सहाच दिसतात, जांभळा अखंड आहे, 'स्त्र' उघडं आहे. जाळीवाले म्हणाले तसे दोन नमुने आधी मागितले आहेत, एक जांभळा तसाच ठेवून आणि एक मोराखालचा जांभळा कापून. खरवडून बघते आणि पकडीचं जे दिसेल ते इथे लिहिते.

जाळीवाला
खरवडण्याआधी एक दिवस तसंच राहू द्या. आणि दोन्ही नमुने एकाच फॉइलच्या रोलमधून मागा, नाहीतर फरक जांभळ्याचा होता की रोलचा ते कळणार नाही.